मृगाच्या दिवशी गंजीत काय उरले?

दिवाळीच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यातली गवते पिवळी पडायला लागतात. पवन्याला तुरे आलेले असतात, कुसळीची कुसळे कपड्यांना टोचू लागतात आणि सोयाबीन काढून झाल्यावर मळणीचे कुटार वावरात ढीग करून पडलेले असते. चाऱ्याचा वर्षाचा हिशेब मांडायचा असेल तर हेच दिवस त्यासाठी योग्य असतात. पावसाळ्याने दिले ते सगळे आता डोळ्यांसमोर उभे असते, आणि पुढच्या पावसापर्यंत त्यात फारशी भर पडणार नसते. आपल्या जमिनीवर बारा महिने किती ढोरे पोसली जातील, हा प्रश्न या वेळी तागडी घेऊन सोडवता येतो. फेब्रुवारीत तोच प्रश्न पैशाचा होतो आणि मे महिन्यात बाजाराच्या दावणीला जाऊन उभा राहतो.

हिशेबाची सुरुवात जनावराच्या पोटापासून करावी लागते. हिरव्या चाऱ्यात बहुतेक पाणीच असते. संकरित नेपियरच्या शंभर किलोंत कोरडा भाग जेमतेम वीस किलो निघतो, तर वाळलेल्या कडब्यात तोच नव्वद किलोच्या आसपास असतो. म्हणून दोन्ही एका तागडीत घालायचे तर पाणी वगळून फक्त कोरडा चारा मोजायचा. साडेतीनशे किलो वजनाच्या ढोराला रोज वजनाच्या दोन टक्के, म्हणजे सात किलो कोरडा चारा लागतो. वर्षाचे ते अडीच टनांच्या थोडे वर जाते. जास्त दूध देणाऱ्या जनावराची भूक याहून मोठी असते, पण आपल्याकडच्या बैलांना आणि गावरान गाईंना हे माप जुळते. या एका ढोराला ‘एक’ धरले की म्हैस दीड होते, वासरू अर्धे आणि सहा शेळ्या मिळून एक. पूर्णा नदीच्या काठी फिकट भुरकट रंगाची पूर्णाथडी म्हैस दिसते. तिला सव्वा धरले तरी चालेल, कारण तिचा बांधा मुऱ्ह्याएवढा मोठा नसतो.

आता एक घर घेऊ. हे घर कागदावरचे आहे, पण मेहकर, लोणार, चिखली या घाटावरच्या तालुक्यांत असे घर कोणत्याही गावात सापडेल. जमीन सव्वापाच एकर. तीन एकरांत सोयाबीन आणि त्यात तुरीची तासे. एका एकरात ज्वारी. सोयाबीन निघाल्यावर विहिरीच्या भरवशावर त्यातल्याच दीड एकरात हरभरा. विहिरीजवळ दहा गुंठे नेपियर. उरलेला एक एकर मुरमाड माळ, त्यावर गवताशिवाय काही येत नाही. दावणीला एक बैलजोडी, एक गाय आणि तिचे वासरू, एक म्हैस आणि सहा शेळ्या. मघाच्या मापाने ही सहा ढोरे झाली. त्यांना रोज बेचाळीस किलो आणि वर्षाला सव्वापंधरा टन कोरडा चारा लागेल.

माळावर किती गवत आहे हे नुसत्या नजरेने सांगणारे अनेक जण भेटतात. त्यांची नजर उंच गवताला भुलते. मोजायची रीत अगदी साधी आहे. चार काठ्या बांधून एक मीटर बाय एक मीटरची चौकट करायची. गवत फुलोऱ्यात आले की माळाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ चालत जायचे आणि ठरावीक पावलांनंतर चौकट जिथे पडेल तिथे टेकवायची. जागा आपण निवडायची नाही, कारण निवडायला गेले की हात हिरव्या जागेकडेच वळतो. चौकटीतले गवत बोटभर ठेवून कापायचे, तरोटा, रानतुळस आणि गाजरगवत वेगळे काढून टाकायचे, उरलेले सावलीत पूर्ण वाळवून वजन करायचे. लहान माळाला आठ-दहा चौकटी पुरतात. सरासरी जितके ग्रॅम निघेल त्याला दहाने गुणले की हेक्टरी किलो मिळतात आणि चारने गुणले की एकरी किलो.

यात एक खोट आहे आणि ती माहीत असायला हवी. माळावर पावसाळाभर ढोरे चरली असतील तर चौकटीत उरलेले गवत तेवढेच दिसते आणि ढोरांनी आधी खाल्लेले मोजणीतून निसटते. म्हणून पेरणीच्या आधीच माळावर तीन-चार ठिकाणी बाभळीच्या काटेरी फांद्यांची छोटी कुंपणे घालून ठेवावीत आणि चौकट त्यांच्या आत टेकवावी. आतले आणि बाहेरचे वजन सोबत लिहिले की त्या जमिनीने काय दिले आणि काय खाल्ले गेले, हे दोन्ही कळते.

आपल्या घराच्या माळावर चौकटीमागे 120 ग्रॅम निघाले असे धरू. एकराला ते 480 किलो होतात. पण हे सगळे ढोरांचे नाही. बारमाही गवताला पुढच्या वर्षी फुटायला बुडाशी पाने आणि मुळांत साठा लागतो, थोडे तुडवले जाते, थोडे वाळवी नेते. म्हणून निम्मे खाऊ द्यावे आणि निम्मे सोडावे, असा गवताळ जमिनीचा सर्वसाधारण नियम आहे. एवढ्या मोठ्या दिसणाऱ्या माळाच्या वाट्याला 240 किलो उरतात. एका ढोराची चौतीस दिवसांची सोय.

वावरातला चारा याहून जास्त, पण त्यालाही वजावट आहे. एकरभर ज्वारीचा कडबा सोळा क्विंटल निघाला, तर अख्खी पेंढी टाकणाऱ्या घरात बुडखे पायाखाली जातात. कुट्टी केली नाही तर तेरा क्विंटलच धरावा. कडब्याची गंजी मोजताना पेंढ्या शेकड्याने मोजतात, पण एक पेंढी दीड किलोची की अडीच किलोची यावर सगळा हिशेब फिरतो. म्हणून वरच्या, मधल्या आणि खालच्या थरातल्या मिळून दहा पेंढ्या तोलून घ्याव्यात. सोयाबीनचे कुटार दाण्याच्या जवळपास बरोबरीने निघते, एकरी सात क्विंटल धरले तर तीन एकरांचे एकवीस. मात्र कापणीपर्यंत सोयाबीनची पाने गळून गेलेली असतात, कुटारात काड्या आणि शेंगांची टरफलेच असतात आणि ढोर काड्या गव्हाणीत सोडून देते. त्यातले चौदा क्विंटल पोटात जातात. तुरीचे कुटार चार क्विंटल, हरभऱ्याचे सात. दहा गुंठ्यांतल्या नेपियरचा वर्षाचा हिरवा चारा बारा टन आला, तर त्यातला कोरडा भाग चोवीस क्विंटल. धुऱ्यावरचे आणि निंदणाचे गवत मिळून चार क्विंटल.

ही बेरीज माळासह अडुसष्ट क्विंटलांच्या थोडी वर जाते. दर ढोराला वर्षाला साडेपंचवीस लागतात. म्हणजे हे सव्वापाच एकर पावणेतीन ढोरे पोसू शकतात आणि दावणीला सहा बांधलेली आहेत.

यात विहिरीकाठच्या दहा गुंठ्यांचा वाटा पाहण्याजोगा आहे. वर्षभर पाणी मिळाले तर ते दहा गुंठे जवळजवळ एक ढोर सांभाळतात. पण हे घर घाटाखाली खारपाणपट्ट्यात असते तर हा आधारही नसता. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूला पूर्णेच्या खोऱ्यात अनेक ठिकाणी जमिनीखालचे पाणी खारट आहे. त्या पाण्यावर नेपियर नीट जोम धरत नाही आणि जमीनही बिघडत जाते. तिथला हिशेब पावसावर आलेल्या चाऱ्यापुरताच राहतो.

मग उरलेली सव्वातीन ढोरे आजवर जगली कशी? थोडा कडबा विकत घेऊन, पीक निघाल्यावर दुसऱ्याच्या वावरातले धसकट चरून, आणि मुख्यतः गावच्या ई-क्लासवर. वऱ्हाडात गावाच्या सामाईक चराऊ जमिनीला अजून याच नावाने ओळखतात. तलाठ्याच्या नोंदीत ती गायरान असते आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 22 नुसार जमीन अशा कामासाठी राखून ठेवता येते. शेतकऱ्याच्या हिशेबात मात्र ती कधीच येत नाही, कारण तिच्या चाऱ्याला कोणी पैसे मोजत नाही. तिचाही हिशेब मांडून पाहू.

गावची ई-क्लास चाळीस हेक्टर धरू आणि गावातली सगळी ढोरे, शेळ्या-मेंढ्या मिळून तीनशे. तीनशे ढोरे रोज एकवीस क्विंटल खातात. तुडवून तुडवून उघड्या पडलेल्या जमिनीवर चौकटीमागे 90 ग्रॅम निघाले, तर हेक्टरी नऊ क्विंटल आणि निम्मे सोडून साडेचार. चाळीस हेक्टरांचे 180 क्विंटल झाले. तीनशे ढोरांना ते नऊ दिवसही पुरत नाहीत. वर्षाच्या भाषेत ती शंभर एकर जमीन सात ढोरांची आहे. हा आकडा पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की गुणाकार चुकला असेल, कारण गुराखी तर सकाळ-संध्याकाळ तिथेच ढोरे नेतो. ढोरे तिथे जातात हे खरे आहे. चालून, उन्हात उभे राहून आणि चार घास खाऊन ती परत येतात, आणि चालण्यात जी ताकद खर्ची पडते ती घरच्या चाऱ्यातूनच भरून निघते.

ही जमीन मुळात इतकी दुबळी नव्हती. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी 1973 मध्ये भारतातल्या गवताळ आवरणाचे वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यात दख्खनचा हा पट्टा पवन्या आणि मारवेल यांच्या कुळातल्या गवतांचा म्हणून येतो. ही बारमाही, पानाळ, ढोरांच्या आवडीची गवते आहेत. अतिचराईत तीच आधी जातात. त्यांच्या जागी आधी कुसळी माजते, मग भुरभुशीसारखी आखूड वर्षायू गवते, आणि शेवटी तरोटा आणि गाजरगवत. माळावर आज काय उगवले आहे ते पाहून त्याच्यावर किती वर्षांचे ओझे आहे हे सांगता येते. कुसळी दिसत असेल तर जमीन अजून परत येऊ शकते. नुसता तरोटाच उरला असेल तर बियाणे बाहेरून आणावे लागेल.

गवत नेमके मरते कधी, यावर माझा सगळा भर आहे. भर पावसाळ्यात आणि थंडीत चरण्याने ते फारसे मरत नाही. ते मरते मृगानंतरच्या सहा आठवड्यांत. पहिला पाऊस पडला की बुडातून हिरवी पाती फुटते. ती फुटते मुळांत साठवलेल्या अन्नावर, आणि पाती मोठी होऊन स्वतः अन्न तयार करू लागेपर्यंत तो साठा रिकामाच असतो. त्याच वेळी ढोरे तिच्यावर सोडली तर मुळांना दुसऱ्यांदा फुटायला काही उरत नाही. दोन-तीन पावसाळे असे गेले की पवन्याचे थोंब कुजतात. आणि नेमक्या याच दिवसांत ढोरे ई-क्लासवर सोडावी लागतात, कारण घरची गंजी संपलेली असते, वावरात पेरणी झालेली असते आणि बाजारात कडबा सर्वांत महाग असतो.

म्हणून वर्षाची बेरीज-वजाबाकी पुरेशी नाही. एखाद्या घराची बेरीज जुळली तरी चारा दिवाळीपासून शिमग्यापर्यंतच उडाला असेल, तर त्या घराची जमीन तितकी ढोरे पोसत नाही. खरी कसोटी 7 जूनला, मृगाच्या दिवशी, गंजीत काय उरले त्यावर आहे. त्या दिवसापासून 20 जुलैपर्यंत त्रेचाळीस दिवस होतात. सात किलोंनी गुणले की दर ढोरामागे तीन क्विंटल. मृगाला ज्याच्याकडे ढोरामागे तीन क्विंटल वाळला चारा शिल्लक आहे, त्याची ढोरे जमिनीच्या आवाक्यात आहेत. ज्याच्याकडे नाही, तो तेवढी ढोरे ई-क्लासच्या मुळांवर जगवतो आहे.

आपल्या घराला सहा ढोरांसाठी अठरा क्विंटल लागतील. त्याचा सगळा कडबा तेराच क्विंटल आहे. कुटार टिकवून ठेवता येते, पण उघड्यावर ठेवलेले कुटार ऑक्टोबरच्या अवकाळी पावसात भिजले की काळे पडते, त्याला बुरशी येते आणि ते ढोरापुढे टाकणे धोक्याचे असते. तीन ढोरे असती तर नऊ क्विंटल पुरले असते आणि कडबाही राखता आला असता. वर्षाच्या बेरजेने सांगितलेली पावणेतीन आणि मृगाच्या कसोटीला उतरणारी तीन, हे दोन्ही आकडे इथे जवळ आले. नेहमी तसे येत नाहीत. ज्वारी न पेरता सगळे सोयाबीन केले असते तर वर्षाची बेरीज थोडीच घसरली असती, पण मृगाची गंजी कुटाराची, बेभरवशाची राहिली असती. जिल्ह्यात ज्वारी मागे पडून सोयाबीन आले, त्याची खरी किंमत या सहा आठवड्यांत मोजावी लागते. शेतकऱ्याने ज्वारी उगाच सोडली असे मात्र म्हणता येत नाही. रानडुक्कर, रोही आणि पाखरे ज्वारीवर जितकी तुटून पडतात तितकी सोयाबीनवर पडत नाहीत, कणसे खुडायला माणसे मिळत नाहीत आणि भावही साथ देत नाही.

पोट भरले म्हणजे जनावर पोसले गेले असेही नाही. चाऱ्यात प्रथिने सात टक्क्यांच्या खाली गेली की पोटातल्या ज्या सूक्ष्म जिवांमुळे काडी पचते तेच उपाशी राहतात आणि चारा पुढे असूनही ढोर कमी खाते. वाळला कडबा आणि उन्हाळ्यातले उभे गवत या रेषेच्या बरेच खाली असते. शेण कोरडे, घट्ट, चवडीसारखे पडू लागले आणि गव्हाणीत पूर्वीपेक्षा जास्त चारा उरू लागला, तर भूक भागली असे न समजता प्रथिने कमी पडली असे समजावे. थोडी सरकी ढेप किंवा कडब्यात मिसळलेले तुरीचे कुटार इथे कामी येते. आणखी एक खबरदारी. पाऊस ताणल्यावर खुरटलेली, फुलोऱ्यात न आलेली हिरवी ज्वारी हिशेबात धरू नये. तिच्यात विष तयार होते आणि ती ढोराला लागते.

मग या घराने काय करावे? बैलजोडी विकून नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने करायची हा रस्ता अनेकांनी घेतला आहे, आणि सहाची चार ढोरे होतात. ज्याला बैल ठेवायचेच आहेत त्याने शेजाऱ्याशी सावड करून एकेक बैल ठेवावा, म्हणजे एक ढोर कमी होते. सोयाबीनचा एक एकर ज्वारीला दिला तर सोयाबीन आणि तुरीच्या कुटाराची घट वजा जाऊनही सात क्विंटल चारा वाढतो आणि मृगाची गंजी दुप्पट होते. नेपियर पाच गुंठ्यांनी वाढवला तर आणखी बारा क्विंटल. त्याने जमिनीची क्षमता साडेतीनच्या जवळ जाते. बैल नसलेल्या घराची चार ढोरे आणि ही साडेतीन यांत वर्षाला पंधरा क्विंटलांचे अंतर राहते. ते विकत घेण्याजोगे आहे, फक्त खरेदी दिवाळीत करायला हवी. कुट्टी यंत्र असेल तर बुडख्यांत जाणारे कडब्याचे काही क्विंटल वाचतील.

हे सगळे आकडे बऱ्या पावसाच्या वर्षाचे आहेत. 31 ऑक्टोबर 2018 रोजी राज्याने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बुलढाणा जिल्ह्यातलेही तालुके होते. तशा वर्षी माळाचे गवत अर्ध्यावर येते, विहीर जानेवारीतच तळ दाखवते आणि नेपियरची कापणी थांबते. म्हणून कायमची ढोरे चांगल्या वर्षाच्या क्षमतेच्या पाऊणच ठेवावीत, आणि चांगल्या वर्षी उरलेल्या चाऱ्यावर पाहिजे तर एखादी कालवड किंवा दोन-चार बोकड वाढवून पुढच्या उन्हाळ्याआधी विकावेत. कमी पाऊस झाला की निर्णय पोळ्यापर्यंत घ्यावा. त्या वेळी ढोराच्या अंगावर मांस असते आणि बाजारात भाव असतो.

गावच्या ई-क्लासचा निर्णय मात्र एका घराचा नसतो. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार इथे चराईबंदी झाली आणि गवत कापून नेण्याची पद्धत रुजली, हे महाराष्ट्राला माहीत आहे. घाटावरच्या आपल्या चाळीस हेक्टरांना सलग काही पावसाळे राखले आणि मारवेल-पवन्याचे बी टाकले, तर चौकटीमागे 250 ग्रॅमची अपेक्षा धरता येते. बी झडल्यावर कापले तर साठ टक्के नेता येते, म्हणजे 600 क्विंटल. आजच्या तिप्पट. तरीही तीनशे ढोरांना ते महिनाभरही पुरत नाही. राखणीने गायरान सगळ्या गावाचे पोट भरेल असे सांगून जी कामे सुरू होतात ती यामुळेच दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मोडतात. हेच 600 क्विंटल मृगाच्या सहा आठवड्यांसाठी राखून ठेवले, तर तीन क्विंटलांच्या मापाने दोनशे ढोरांची तेवढी सोय होते, आणि त्या काळात ई-क्लासवर खूर पडत नाही. मला चाळीस हेक्टरांचा याहून चांगला उपयोग दिसत नाही.

या वाटपात ज्यांच्याकडे वावरच नाही त्यांचा हिस्सा आधी ठरवावा लागेल. त्यांच्या शेळ्यांना वाळले गवत फारसे चालत नाही, त्यांना पाला लागतो. बोर, हिवर आणि बाभूळ यांच्या बाजूची जमीन चराईबंदीच्या बाहेर ठेवली, तर शेळ्यांना तिथे जाता येईल. बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात, नेमक्या तुटवड्याच्या दिवसांत गळतात. कुंपणाची रेषा आखायला निघालेल्या ग्रामपंचायतीने आधी ही झाडे कुठे आहेत ते नकाशावर टिपून घ्यावे आणि मगच खांब रोवावेत.